दोन फीड ताडून पाहायचे की एकावरच भागवायचं?

नांदेडचा_अल्गो: एका ब्रोकरच्या एपीआयवर छोटा अल्गो चालवायलोय. परवा फीड मधेच गोठला आणि शिळ्या भावावर ऑर्डर गेली. आता दुसऱ्या ब्रोकरचाही फीड घेऊन दोन्ही भाव ताडायचे, मगच ऑर्डर टाकायची असं मनात आहे. फरक किती झाला की थांबायचं? का हा उगाच उपद्व्याप?

गोदाकाठ: उपद्व्यापच. दोन्हीकडं भाव शेवटी एनएसईचाच. एकाच विहिरीवर दोन मोटारी बसवल्या म्हणून पाणी बदलतं का? वर दुसऱ्याची वाट बघण्यात सिग्नल हातचा जातो.

जुना_टर्मिनलवाला: विहीर एक आहे हे खरं, पण भाऊंचा पाइप फुटला होता, विहीर आटली नव्हती. आणि वाट बघायची नसतेच. दोन्ही फीडचा ताजा भाव मेमरीत पडून असतो, ताडायला मिलिसेकंदही लागत नाही.

घोळ वेगळाच आहे. समजा १०:१५:०४ ला पहिला फीड १४१२.३० दाखवतो आणि दुसरा १४०५.१०. फरक ७.२० रुपये, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. थांबलात, पण खोटं कोण? दोन घड्याळांत चुकीचं कोणतं, ते नुसतं बघून कळत नाही. टिकसोबत आलेली एक्स्चेंजची वेळ बघा: पहिल्याची १०:१५:०३, दुसऱ्याची १०:१४:३१. दुसरा घड्याळाच्या तेहतीस सेकंद मागं आहे.

आता उलटं धरा. शेअर तासभर १४०५ च्याच आसपास रेंगाळतोय आणि दुसरा फीड मेलाय. फरक शून्य, तुमची तपासणी पास! म्हणून आधी टिकचं वय, मग भाव. शेवटच्या सौद्याचा भावही ताडू नका, बिड-आस्कचा मध्य ताडा. फरकाची मर्यादा त्या घडीच्या स्प्रेडवरून ठरवा; ठोक टक्का शांत बाजारात सैल पडतो.

```
if max(age_a, age_b) > 2: no_entry()
elif abs(mid_a - mid_b) > max(spread_a, spread_b): no_entry()
```

हे दोन सेकंद जोरात चालणाऱ्या शेअरसाठी. मंद शेअरमध्ये मिनिटभर टिकच येत नाही, तिथं हा नियम सतत अडवेल. त्याच कनेक्शनवर निफ्टी फ्युचर लावून ठेवा. त्याचे टिक थांबले तर फीड गेला समजा. वेबसॉकेट जोडलेलं दिसतं म्हणून टिक येतच असतील असं नाही.

गोदाकाठ: मग निफ्टीवरूनच कळलं की! दुसरा फीड कशाला?

जुना_टर्मिनलवाला: निफ्टी धडधडत असतो आणि एखाद्याच शेअरचं सबस्क्रिप्शन गुपचूप गळालेलं असतं. ते दुसऱ्या फीडशिवाय कसं पकडाल?

आडत_लातूर: आमच्याकडं पण हेच हो. सोयाबीनचा एका अ‍ॅपवर एक भाव, दुसऱ्यावर दुसरा, आणि बाजार समितीत तिसराच!

जुना_टर्मिनलवाला: काका, तुमच्याकडं तिन्ही भाव खरे असू शकतात. ओलावा वेगळा, प्रत वेगळी, सौद्याची वेळ वेगळी. इथं वस्तू तीच असायला पाहिजे.

जालन्याची_स्मिता: 'वस्तू तीच' यावरच मी फसले होते. एका फीडला एनएसईचा टोकन, दुसऱ्याला चुकून बीएसईचा. चाळीस-पन्नास पैशांचं अंतर, दिवसभर अलार्म. कंटाळून मर्यादा वाढवून टाकली, तीन दिवसांनी टोकन दिसला. अंतर जवळपास तेवढंच टिकून राहत असेल तर आधी टोकन आणि एक्स्पायरी बघा. फीड शिळा असला की भाव हलेल तसं अंतर वाढत जातं.

गोदाकाठ: २४ फेब्रुवारी २०२१ विसरलात का सगळे? एनएसईच्या दोन-दोन टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक एकाच दिवशी बिघडल्या, ११:४० ला बाजार बंद, पुन्हा पावणेचारला चालू. तुमच्या दोन फीडनं काय केलं असतं?

जुना_टर्मिनलवाला: काही नाही. विहिरीतच बिघाड असला तर दोन्ही फीड एकाच चुकीवर एकमत होतात. त्या दिवशी बीएसई चालू होता. तिसरा साक्षीदार म्हणून त्याचा उपयोग, तोही फक्त अलार्मपुरता. आणि दोन्ही ब्रोकर एकाच व्हेंडरचा डेटा घेत असतील तर तुम्ही एकाच फीडचे दोनदा पैसे भरताय.

जालन्याची_स्मिता: एंट्री अडवली हे ठीक. पण पोझिशन उघडी असेल तर?

गोदाकाठ: मतभेद दिसला की बाजारभावानं मोकळं व्हायचं.

जुना_टर्मिनलवाला: भाव माहीत नसताना मार्केट ऑर्डर? त्यापेक्षा स्टॉपलॉस आधीच एक्स्चेंजवर टाकून ठेवा. त्याला तुमचा फीड लागत नाही.

जालन्याची_स्मिता: माझा ट्रेलिंग आहे, तो फीडवरूनच सरकतो. फीड गोठला की स्टॉपलॉस जुन्याच जागी अडकतो आणि कमावलेलं परत जातं.

जुना_टर्मिनलवाला: जातं, ताई. मी ते सोसतो; खोट्या टिकवर स्टॉपलॉस सरकून माल फुकट निघण्यापेक्षा परवडतं.

गोदाकाठ: मला नाही परवडत.

नांदेडचा_अल्गो: आठवडाभर ऑर्डर बंद, नुसती दोन्ही फीडची वेळ आणि भाव नोंदवायलोय. पहिल्याच दिवशी ९:१५ ते ९:१७ मध्ये सतरा वेळा अडवलं, नंतर दिवसभरात दोनदा. सुरुवातीची ती दोन मिनिटं सोडून द्यावी का?

जुना_टर्मिनलवाला: त्या सतरांत वयामुळं किती अडलं आणि भावामुळं किती, ते आधी वेगळं काढा.