मदत हवी आहे: वाईनसोबतच्या जेवणाची कॅलरींची बेरीज जुळत नाही

गंगापूररोडकर:
शनिवारच्या जेवणाचा हिशेब लावतोय. पनीर टिक्का, दाल तडका, दोन फुलके, कोशिंबीर आणि दीडशे मिलीचे दोन ग्लास शेनिन ब्लाँ. सगळं अ‍ॅपमध्ये भरलं. कार्ब्ज ६२ ग्रॅम, प्रोटीन २८, फॅट ३४. चार, चार आणि नऊने गुणलं की २४८ + ११२ + ३०६, म्हणजे ६६६. अ‍ॅप मात्र एकूण ८९० दाखवतं. वरचे २२४ आले कुठून? अ‍ॅपमध्ये गडबड आहे का?

मोजूनमापून:
गडबड नाही. अल्कोहोल या तिन्हींपैकी कशातच बसत नाही, त्याचा चौथा रकाना धरावा लागतो. ग्रॅमला ७ कॅलरी. अ‍ॅपने एकूण आकड्यात ते धरलंय, पण दाखवायला रकानाच नाही.

गंगापूररोडकर:
करून बघितलं. बाटलीवर १३.५ टक्के आहे. ३०० चे १३.५ टक्के ४०.५, गुणिले ७ म्हणजे २८३. आता उलट ५९ जास्त झाले!

आहारतज्ज्ञ_नाशिकरोड:
बाटलीवरचा टक्का आकारमानाचा असतो, वजनाचा नव्हे. तुमचे ४०.५ हे मिली आहेत, ग्रॅम नाहीत. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं, एका मिलीचं वजन ०.७८९ ग्रॅम. म्हणून आधी ४०.५ × ०.७८९ = ३२ ग्रॅम, मग ३२ × ७ = २२४. आता ६६६ + २२४ = ८९०.

ही पायरी गाळली की आकडा नेहमी सव्वापट फुगतो, ५९ त्याचेच. आणि ग्लास खरंच दीडशेचा आहे का ते एकदा पाणी भरून मापाच्या कपात ओतून बघा. मोठ्या पोटाच्या ग्लासात अर्ध्याच्या थोडं खाली ओतलं तरी दोनशे सहज जातं. एका बाटलीत दीडशेचे पाचच ग्लास बसतात, चारांतच बाटली संपली तर उत्तर मिळालं.

फिटनेस_पाथर्डीफाटा:
एवढी कटकट कशाला? २२४ ला चारने भागा, ५६ ग्रॅम कार्ब्ज म्हणून टाका. बेरीज जुळते, विषय संपला. जिममध्ये सगळे असंच करतात.

आहारतज्ज्ञ_नाशिकरोड:
दिवसाचा कॅलरीचा कोटा पाळायचा एवढंच असेल तर चालेल. पण कार्ब्ज मोजून इन्सुलिन घेणाऱ्याने हे करू नये. त्याच्या वहीत ६२ चे ११८ होतात आणि डोस वाढतो, पण ते ५६ ग्रॅम रक्तात साखर म्हणून येतच नाहीत. उलट अल्कोहोल असताना यकृताचं नवी साखर बनवण्याचं काम मंदावतं. त्यामुळे साखर रात्री उशिरा, झोपेत खाली जाऊ शकते. लटपटणं, जीभ जड होणं याला घरचे 'चढली' म्हणतात आणि झोपू देतात, धोका तिथे आहे. रकाना वेगळाच ठेवा.

सिडकोतले_काका:
आम्ही वाईनवाले नाही. व्हिस्की, सोडा. तिच्यात कार्ब्ज शून्य, प्रोटीन शून्य, फॅट शून्य. म्हणजे कॅलरी पण शून्यच ना? मला शुगरच्या गोळ्या चालू आहेत म्हणून मुद्दाम व्हिस्की धरली.

मोजूनमापून:
काका, तिन्ही शून्य असले तरी चौथा आहे ना. साठचा पेग, ४२.८ टक्के: २५.७ मिली, म्हणजे २०.३ ग्रॅम, म्हणजे १४२ कॅलरी. एका पेगच्या. सोड्याचे शून्य, शेंगदाणे वेगळे.

आहारतज्ज्ञ_नाशिकरोड:
आणि काका, काही गोळ्या स्वतःच साखर खाली आणतात, त्यावर रिकाम्या पोटी पेग नको. तुमची गोळी त्यातली आहे का, हे डॉक्टरांना नाव दाखवून विचारा. इथे कोणी सांगू नये.

गंगापूररोडकर:
माझं जुळलं, आभार. एक राहिलं. अ‍ॅपमध्ये कोरड्या वाईनची एक नोंद ग्लासला ४ ग्रॅम कार्ब्ज सांगते, दुसरी अर्धा ग्रॅम. कुठली धरू?

आहारतज्ज्ञ_नाशिकरोड:
कोरड्या वाईनमध्ये खरी साखर ग्लासला अर्धा-पाऊण ग्रॅमच उरते. चारच्या नोंदीत पाणी, अल्कोहोल वगैरे वजा करून जे उरलं ते सगळं कार्ब्ज धरलेलं असतं, त्यात आम्लं आणि ग्लिसरॉलही आलं. साखरेसाठी मोजत असाल तर लहान आकडा. कॅलरीसाठी मी चार धरते.

मोजूनमापून:
मी कॅलरीलाही अर्धाच धरतो. फरक ग्लासला चौदा कॅलरींचा, ओतण्यातली चूक त्याहून मोठी असते. मात्र लेट हार्वेस्ट असेल तर दोन्ही नोंदी विसरा. त्यात लिटरला शंभर ग्रॅमच्या पुढे साखर असू शकते, म्हणजे साठ मिलीतच सहा ग्रॅम, आणि ती खरीच कार्ब्ज.

फिटनेस_पाथर्डीफाटा:
मग शेनिन ब्लाँ कोरडी की गोडसर, हे बाटलीवरून कसं कळणार? माझ्याकडच्या बाटलीवर तर काहीच लिहिलेलं नाही.