मदत हवी आहे: चपलांच्या कारखान्याची वेबसाइट, घाऊक चौकशीचा फॉर्म

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात काकांचा हाताने कोल्हापुरी चपला बनवायचा छोटा कारखाना आहे. त्यांच्यासाठी वर्डप्रेसवर वेबसाइट करतोय. ऑनलाइन पेमेंट नको, कारण घाऊक भाव नगांवर आणि चामड्यावर ठरतो आणि तो फोनवरच पक्का होतो. फक्त कॅटलॉग आणि चौकशीचा फॉर्म हवा.

फॉर्म Contact Form 7 मध्ये केलाय. प्रत्येक चपलेच्या पानावर तोच फॉर्म आहे आणि मेलमध्ये `[_post_title]` टाकल्यामुळे कोणत्या चपलेची चौकशी आहे ते कळतं. From मध्ये ग्राहकाचा पत्ता होता तेव्हा मेल स्पॅममध्ये जायचे. आता तिथे आपल्या डोमेनचा पत्ता आणि Reply-To मध्ये ग्राहकाचा ठेवलाय, मेल नीट येतात.

अडलंय ते पुढे. दुकानदार एकाच वेळी तीन-चार डिझाइन मागतो आणि प्रत्येकात मापं वेगळी: ७ नंबरचे १० जोड, ८ चे २०, ९ चे १०. हे सगळं एकाच चौकशीत कसं घ्यायचं? WooCommerce घेऊन त्याचं कार्ट ‘चौकशी यादी’सारखं वापरावं, की एवढ्यासाठी ते फार जड होईल? काकांकडे साधं शेअर्ड होस्टिंग आहे आणि नवीन फोटो ते मोबाइलवरूनच टाकणार. कोणी असं केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.