अर्धवट ओळीसाठी अवतरणचिन्हं आणि तारका
> ‘गाण्याच्या ओळीतला मधला शब्द आठवत नाही, गूगलवर अवतरणात पूर्ण ओळ टाकली तर काहीच सापडत नाही.’

अवतरणात एक शब्द चुकला तरी ओळ जुळत नाही. म्हणून विसरलेल्या शब्दाच्या जागी, दोन्हीकडे मोकळी जागा सोडून, तारका टाका. समजा, गूगलवर शोधताय:

```
"नदीच्या काठी * वाट पाहते" गीत
```

तारकेच्या जागी एक किंवा अनेक शब्द चालतात. तरीही रिकामं आलं, तर खात्रीचे वाटणारे शब्दच तपासा. ‘पाहते’ कुठे ‘पाहाते’ लिहिलेलं असतं, कुठे मुळातच ‘बघते’ असतं. मग ओळ तोडा:

```
"नदीच्या काठी" "वाट पाहते" OR "वाट बघते" गीत
```

इथे तुकड्यांचा क्रम चुकला तरी चालतो. रोमन लिपीत शोधताना मात्र अवतरण काढाच, कारण तिथे प्रत्येकाचं स्पेलिंग वेगळं असतं.