मदत हवी आहे : फटाक्याच्या शेडमधली स्थिर वीज

मंडळी, आमची वहिनी नागपूर जिल्ह्यातल्या एका फटाका कारखान्यात दारू भरायच्या शेडमध्ये काम करते. थंडीत आपल्याकडची हवा किती कोरडी होते, तुम्हाला माहीतच आहे. पॉलिस्टरची साडी झटकली की चटचट आवाज येतो. ॲल्युमिनियम-गंधकाच्या कोरड्या मिश्रणाला तेवढी ठिणगीही पुरू शकते.

शेडच्या दाराशी हात टेकवायला तांब्याची पट्टी आहे, पण दिवाळीआधी तिच्यावर ऑइल पेंट मारला! रंगातून वीज जमिनीत उतरणार कशी? वर पायात साधी रबरी चप्पल. सुपरवायझर म्हणतो, पाणी शिंपडा. पण ओल या मिश्रणात गेली तर ॲल्युमिनियम तापून ते आपोआप पेटू शकतं ना?

रंग खरवडायला लावतोच. पण पट्टीपासून अर्थच्या खड्ड्यापर्यंत तार शाबूत आहे का, हे कोणत्या मीटरने बघायचं? आणि तयार माल शेडमध्येच साचवतात, शेजारची शेड जेमतेम हातभर अंतरावर. परवान्याच्या नकाशातलं अंतर आणि मालाची मर्यादा कामगाराला बघायला मिळते का? स्फोटकांच्या सुरक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेच्या नागपूर कार्यालयात नाव न सांगता तक्रार करता येते का? वहिनीची नोकरी जायला नको.