अनुभव धागा : निवृत्त शिक्षकांना लिहिलेले आभाराचे पत्र

शाईपेन

गेल्या महिन्यात मी माझ्या मराठीच्या बाईंना पत्र पाठवले. आठवी ते दहावी अशी तीन वर्षे त्यांनी आम्हांला सातारा जिल्ह्यातील एका गावच्या शाळेत शिकवले, आणि मी गेली २१ वर्षे मुद्रितशोधनाचे काम करते आहे. पहिल्या दोन खर्ड्यांत ‘आपण आम्हांला घडवले’, ‘आपले ऋण फिटणार नाही’ अशी वाक्ये होती. ती वाचताना लक्षात आले, की हे पत्र कोणीही कोणत्याही शिक्षकाला पाठवू शकले असते. म्हणून तिसऱ्यांदा लिहायला बसले तेव्हा बाईंनी नेमके काय शिकवले तेवढेच लिहिले. ते पत्र त्यांच्या परवानगीने येथे देत आहे. आपणही असे पत्र लिहिले असेल, किंवा लिहायचे राहून गेले असेल, तर त्याविषयी अवश्य लिहावे. मात्र काय शिकलात ते नेमके सांगावे, ही विनंती.

आदरणीय बाई यांस, सादर प्रणाम.

वही तपासताना तुम्ही चुकलेल्या शब्दाला कधीही गोल केला नाहीत. चूक ज्या ओळीत असेल त्या ओळीच्या समासात एक लाल ठिपका असे, आणि एका ओळीत दोन चुका असल्या तर दोन ठिपके असत. शब्द आम्ही शोधायचा. ‘वार्षिक परिक्षा जवळ आली होती’ ही माझी ओळ मी चार वेळा वाचली होती. माझा सगळा संशय ‘वार्षिक’वर होता, आणि चूक तिच्या शेजारी बसलेली होती. आज मुद्रिते वाचताना मी ज्या शब्दाची मला खात्री वाटते त्याच्याच शेजारी थोडी जास्त थांबते, ती सवय त्या ठिपक्याची आहे.

ऱ्हस्व-दीर्घाचे नियम पाठ करून घेण्याआधी तुम्ही आम्हांला शब्दाला ‘ला’ लावून पाहायला शिकवलेत. फूल, वकील, गरीब हे शब्द दीर्घ लिहायचे आणि ‘ला’ लागला, की फुलाला, वकिलाला, गरिबाला असे ऱ्हस्व करायचे, हे आम्हांला एका तासात जमले. दुसऱ्या दिवशी ‘शरीर’ आले आणि मी फळ्यावर मोठ्या आत्मविश्वासाने ‘शरिराला’ लिहिले. तुम्ही ते पुसले नाहीत. त्याच्या खाली ‘शरीराला’ लिहिलेत आणि विचारलेत, की हा शब्द कोणाच्या घरचा? संस्कृतातून जसाचा तसा आलेला शब्द आपल्याकडे राहायला आला तरी आपली घडण सोडत नाही, हे त्या दिवशी कळले. तेव्हापासून वहीच्या शेवटच्या पानावर अशा शब्दांची यादी सुरू झाली आणि दहावीपर्यंत ती तीन पाने झाली. ‘कवी’ दीर्घ पण ‘कविसंमेलन’ ऱ्हस्व, ‘नदी’ दीर्घ आणि ‘नदीतीर’ही दीर्घ, कारण संस्कृतात ‘कवि’ मुळात ऱ्हस्व आणि ‘नदी’ मुळात दीर्घ. हे दोन शब्द माझ्या यादीत शेजारी शेजारी आहेत.

गेल्या वर्षी एका संस्थेच्या स्मरणिकेत ‘सुतगिरणी’ हा शब्द पानोपानी होता. लेखकांचे म्हणणे असे, की ‘सुताचा’ ऱ्हस्व आहे, तेव्हा हाही ऱ्हस्वच हवा. मी त्यांना तुमच्याच पद्धतीने समजावले, की विभक्ती लागली म्हणून ‘सूत’चे ‘सुता-’ झाले. गिरणीपुढे सूत आपल्या मूळ रूपातच उभे आहे, म्हणून ‘सूतगिरणी’. त्यांनी मान्य केले.

आणखी एक गोष्ट इतकी वर्षे सांगायची राहिली. नववीत असताना मी माझ्या आजोबांची पोस्टकार्डे लाल पेन्सिलीने दुरुस्त करून वर्गात आणली होती. ते ‘कांहीं’, ‘नांव’, ‘घरें’ असे लिहीत. तुम्ही मला मधल्या सुट्टीत बोलावून सांगितलेत, की १९६२ साली साहित्य महामंडळाचे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. त्याआधी शाळा शिकलेल्या माणसाचे हे लेखन शुद्धच आहे. मी घरी जाऊन त्या खुणा खोडरबराने पुसल्या. लाल रेघा पूर्ण गेल्या नाहीत. ती कार्डे माझ्याकडे आहेत, आणि जुन्या पत्रव्यवहाराचे पुस्तक माझ्याकडे आले, की त्यातले अनुस्वार तसेच ठेवावेत असे मी प्रकाशकांना पहिल्याच दिवशी सांगते.

तुमची विद्यार्थिनी

पायवाट

पत्र फार आवडले. आमच्या गुरुजींनीही हाच नियम शिकवला होता, की शेवटून दुसरे अक्षर नेहमी दीर्घ लिहायचे. तो नियम मी आयुष्यभर वापरला आणि गुरुजींच्या पंचाहत्तरीला मी त्यांना संदेश पाठवला त्यातही याच नियमाचा उल्लेख केला. त्यांनी उत्तरात आशीर्वाद दिला.

शाईपेन

पायवाट, आपल्या गुरुजींनी नियमाचा पुढचा भागही नक्की सांगितला असणार. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तरच त्याच्या आधीचे दीर्घ. ‘चूक’ दीर्घ, पण ‘चुका’ ऱ्हस्व. ‘कीड’ दीर्घ, पण ‘किडा’ ऱ्हस्व. आणि ‘गुण’, ‘विष’, ‘मंदिर’ हे संस्कृतातले शब्द अकारान्त असूनही ऱ्हस्वच राहतात. संदेशात नियमाचा उल्लेख केलात हे मात्र फारच चांगले केलेत.

गुण्याओळंबा

मी बांधकामाची कंत्राटे घेतो, त्यामुळे माझे पत्र भूमितीच्या सरांना होते. सरांचा आग्रह असे, की सिद्धता लिहिण्यापूर्वी पक्ष आणि साध्य वेगवेगळ्या ओळींवर लिहायचे आणि दोन्ही मोठ्याने वाचायचे. काय दिलेले आहे आणि काय मिळवायचे आहे, यांची गल्लत झाली तर पुढची सगळी वाक्ये खरी असूनही सिद्धता खोटी असते, असे ते म्हणत. तेव्हा मला ही निव्वळ गुणांसाठीची शिस्त वाटत असे.

आखणी करताना आमच्याकडे सगळेच ३-४-५ धरतात. कोपऱ्यातल्या खुंटीपासून एका दोरीवर ३ मीटर, दुसरीवर ४ मीटर मोजायचे आणि त्या दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ भरले, की कोन काटकोन. सरांना मी लिहिले, की येथे आम्ही पायथागोरसचे प्रमेय वापरत नसून त्याचा व्यत्यास वापरतो, कारण बाजू हातात आहेत आणि काटकोन मिळवायचा आहे, हे मला तुमच्यामुळे उमगले.

एकदा ९ मीटर रुंद आणि १२ मीटर लांब घराची आखणी माझ्या माणसांनी करून ठेवली होती. दोन्ही कर्ण सारखे भरले म्हणून त्यांनी फक्कीही टाकली. मी विचारले, की कर्ण सारखे हे दिलेले, पण समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत हे कोणी मोजले? मोजल्यावर पुढची बाजू १२ मीटर आणि मागची १२ मीटर २० सेंटीमीटर निघाली. दोन्ही बाजूंच्या भिंती सारख्याच प्रमाणात कलल्या होत्या, त्यामुळे कर्ण सारखेच येत होते. आयताऐवजी समलंब चौकोन आखला गेला होता. पाया खणायच्या आत लक्षात आले म्हणून खुंट्या हलवण्यावर भागले. ही हकिकत मी आकृती काढून सरांना पाठवली. आकृतीखाली पक्ष आणि साध्य लिहिले होते.

नवाअंकुर

आमच्या शाळेतील दोन शिक्षिका या वर्षी निवृत्त होत आहेत. निरोप समारंभासाठी शाल, श्रीफळ आणि मानपत्र ठरले आहे. मानपत्राचा मजकूर साधारण किती ओळींचा असावा, आणि ते चौकटीत बसवून द्यावे का, हे कोणी सांगेल का?

मैदानवाट

नवाअंकुर, येथे माजी विद्यार्थ्याच्या खासगी पत्राविषयी चर्चा चालू आहे. पण मानपत्रातही प्रत्येकीची शिकवण्याची एकेक पद्धत नावानिशी आली, तर ते दोघींचे वेगवेगळे होईल.

मी स्वतः ३२ वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झाले, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. पत्रे येतात आणि आनंदही होतो, परंतु बहुतेक पत्रांवरून आपले कोणते शिकवणे त्या मुलापर्यंत पोहोचले ते कळत नाही. एका विद्यार्थ्याच्या पत्राने मात्र मला थांबवले. समोच्च रेषा शिकवताना मी अर्धा बटाटा पालथा ठेवून त्याच्या आडव्या चकत्या कापत असे आणि मोठ्या चकतीपासून लहान चकतीपर्यंत प्रत्येकीची कड एकाच कागदावर गिरवून घेत असे. बटाट्याची जी बाजू उभी असेल तेथे रेषा दाटतात आणि जी पसरट असेल तेथे विरळ होतात. वेळ फार जातो आणि वर्गात गोंधळ होतो म्हणून पुढे मी तो प्रयोग सोडून दिला. हा विद्यार्थी आता डोंगरवाटांवर लोकांना घेऊन जातो. त्याने लिहिले, की नकाशावर रेषा दाटलेल्या दिसल्या, की मला तुमचा बटाटा आठवतो आणि मी वाट बदलतो. तो प्रयोग सोडायला नको होता, असे मला त्या दिवशी वाटले. त्यानंतरच्या वर्गांना तो मिळाला नाही, याची रुखरुख आजही आहे.

दूरदेशी

माझी अडचण वेगळी आहे. ज्या सरांनी मला इंग्रजीची वाक्यरचना शिकवली, तेच छडीने मारतही असत, आणि एकदा त्यांनी मला घरच्या गरिबीवरून वर्गासमोर बोलून दाखवले. आज मी परदेशात ज्या भाषेवर पोट भरतो ती त्यांनीच दिलेली आहे. कर्ता, क्रियापद आणि काळ यांखाली तीन रंगांच्या रेघा मारून वाक्य सोडवायची त्यांची पद्धत मी माझ्या मुलीलाही शिकवली. आभाराचे पत्र तीनदा सुरू केले. ते एक वाक्य वगळले तर पत्र खोटे वाटते आणि लिहिले तर ते आभाराचे पत्र राहत नाही.

मैदानवाट

मला असे पत्र आले असते तर मी दोन्ही वाचू इच्छिले असते. पण ते सर काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही.

गुण्याओळंबा

मी तर फक्त तीन रंगांच्या रेघांबद्दल लिहिले असते. उरलेले त्यांना आठवत असेलच.

दूरदेशी

त्यांना आठवत नसेल, हीच मला भीती आहे.

पायवाट

शाईपेन, आपल्या दुरुस्तीबद्दल आभारी आहे. वही काढून पाहिली, पुढचा भाग खरोखरच लिहिलेला आहे. पण एक शंका उरते. सूत मूळ रूपात राहते म्हणून ‘सूतगिरणी’, तर मग ‘फुलपाखरू’ ऱ्हस्व का? तेथेही फूल मूळ रूपातच आहे.

शाईपेन

ही शंका मला दिवसभर पुरली, म्हणून संध्याकाळी बाईंना दूरध्वनी केला. आता त्यांना वाचताना भिंग लागते, आवाज मात्र तसाच आहे. त्यांनी आधी विचारले, की तुला काय वाटते? मी म्हटले, की ‘फुलपाखरू’त फूल आणि पाखरू वेगवेगळे उरलेले नाहीत, तो एकच शब्द झाला आहे, आणि मराठी शब्दात इतक्या आधीच्या जागी ऱ्हस्वच येतो. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, की पटण्यासारखे आहे, पण मग ‘दूधवाला’ एकच शब्द झालेला नाही का? मला उत्तर देता आले नाही. जुने कोश काढून पाहा आणि मला कळव, असे त्यांनी सांगितले आहे. रविवारी त्यांना पुन्हा दूरध्वनी करायचा आहे.