एआयचा ठपका, गुरुवारी व्हायव्हा: पेपर पाठ करू की टक्क्यालाच आव्हान देऊ?

कांदेबाजार
इंग्लंडमध्ये एमएस्सी करतोय. तीन हजार शब्दांचा पेपर होता: लासलगावात कांदा वाढला की पुण्यात किती आठवड्यांनी वाढतो, आणि उतरला की तितक्याच लवकर उतरतो का. टर्निटिनच्या एआय रिपोर्टात ६२ टक्के आले. पेपर मीच लिहिलाय, शेवटी ग्रामर्लीतून इंग्रजी तपासून घेतलं एवढंच. आता गुरुवारी अर्ध्या तासाची व्हायव्हा आहे, लेखन माझंच आहे का ते बघणार म्हणे. रूममेट म्हणतो पेपर घोकून जा. मला वाटतं आधी त्या ६२ लाच आव्हान द्यावं. काय करू?

वकिली बाणा
आव्हानच दे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेलचे ९१ निबंध सात डिटेक्टरांपुढे टाकले होते. माणसांनी लिहिलेले निबंध, तरी सरासरी ६१ टक्के यंत्राचे ठरले. आपलं इंग्रजी सरळसोट, ठरावीक शब्दांचं असतं, तेच या यंत्रांना खटकतं. ओपनएआयने स्वतःचा डिटेक्टर त्याच वर्षी जुलैत गुंडाळला. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिनचा एआय डिटेक्टर बंद करून टाकला. असल्या आकड्यावर व्हायव्हाला जायचं म्हणजे अर्धा आरोप कबूल करण्यासारखं आहे. जाऊच नकोस.

खडूस मास्तर
मी तिकडेच शिकवतो आणि असल्या व्हायव्हा घेतो, म्हणून बोलतो. वकीलसाहेब, त्या सात डिटेक्टरांत टर्निटिन नव्हतं. पॅनेलवरच्या कुणाला हे माहीत असलं तर पोराची पहिल्या पाच मिनिटांतच शोभा होईल. आणि ६२ म्हणजे 'तू चोर असण्याची शक्यता ६२ टक्के' असं नाही. मजकुराचा तेवढा भाग यंत्राला एआयचा वाटला, इतकंच. सिद्ध करायची जबाबदारी विद्यापीठाची आहे. पण निकष 'शक्यता कुठे जास्त' हा असतो, फौजदारी खटल्याचा नव्हे. तू गेला नाहीस तर ते हातातल्या कागदांवर निकाल देतील, आणि हातात फक्त ६२ आहे.

आता घोकण्याचं. पेपरात जे छापलंय ते मी विचारतच नाही, ते माझ्यासमोर असतंच. मी विचारतो जे पेपरात *नाही* ते. तुझंच उदाहरण घे. दिवाळीत लासलगावची बाजार समिती काही दिवस बंद असते, म्हणजे तुझ्या साप्ताहिक आकड्यांत भोकं असणार. त्यांचं काय केलंस? ते आठवडे गाळलेस, की आधीचा भाव पुढे ओढलास? गाळले असशील तर पुढच्या ओळीचा 'मागचा आठवडा' प्रत्यक्षात दोन आठवड्यांपूर्वीचा होतो, आणि तुझा सगळा पेपर तर 'किती आठवड्यांनी' यावरच उभा आहे. हे ज्याने स्वतः केलंय तो इथे कधीतरी अडखळलेला असतो. ते अडखळणं त्याला आठवतं. ज्याने केलेलं नाही तो 'डेटा स्वच्छ केला' म्हणतो आणि गप्प बसतो.

म्हणून पेपर छापून घे आणि प्रत्येक परिच्छेदाच्या समासात पेन्सिलीने लिही: इथे आधी काय होतं, का बदललं, हा संदर्भ कुठे सापडला, त्यातली कुठली पानं खरंच वाचली. चाळून सोडलेला संदर्भ असेल तर आज वाच, आणि विचारलंच तर 'तेव्हा चाळला होता, नीट परवा वाचला' असं सांग. पाठ केलेलं उत्तर लगेच ओळखू येतं. मधेच तोडून उलटा प्रश्न टाकला की ते पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू होतं.

पाटलांची सून
आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या पीएचडीला पण असंच झालं होतं. २३ टक्के आले होते. गाइड म्हणाले दहाच्या खाली आणा, यूजीसीचा नियम आहे. संदर्भसूची वगळून आणि अवतरणं नीट करून आले खाली. तू पण पुन्हा अपलोड करून बघ ना.

खडूस मास्तर
ताई, ते साम्य, म्हणजे दुसऱ्याच्या लेखनाशी जुळणारा मजकूर. यूजीसीचे २०१८ चे दहा टक्के त्याबद्दल आहेत. याचा आकडा वेगळा आहे, संदर्भसूची काढून तो हलणार नाही. आणि सादर केलेला पेपर आता बदलून पुन्हा चढवला तर लपवाछपवीच वाटेल.

शंकेखोर
मास्तर, तुमची पद्धत ऐकायला छान आहे. पण एआयकडून लिहून घेणारा चलाख पोरगा तीन दिवस दिवाळीच्या भोकांवर अभ्यास करून येणार नाही कशावरून? आणि उलट बाजू बघा. माझ्या चुलतभावाने कोड स्वतः लिहिला होता. समोर तिघं गोरे बसलेले बघून इंग्रजीच फुटेना, 'व्हेरिएबल' शब्दसुद्धा आठवेना. तो दोषी ठरला. तुम्ही लेखक तपासत नाही, धीटपणा तपासता.

खडूस मास्तर
पहिल्या मुद्द्याला माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. तेवढा अभ्यास करून आलेल्याला मी बहुधा पकडू शकणार नाही. दुसऱ्यावर मात्र उपाय आहे. आत्ताच ईमेल करून सांगावं की इंग्रजी ही दुसरी भाषा आहे, विचार करायला वेळ लागेल, लॅपटॉपवर कोड उघडून दाखवायला परवानगी द्या. स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रातला माणूस सोबत आणता येतो का, तेही विचारावं. स्वतःचा कोड चालवून दाखवताना बुजरी पोरंसुद्धा बोलायला लागतात.

कांदेबाजार
ईमेल केला. कोड दाखवायला हो म्हणाले. आठ आठवडे गाळले होते आणि त्या लॅगच्या घोळात मी खरंच दोन दिवस अडकलो होतो, ते पेपरात एका ओळीत आलंय.

पण नवीन लफडं. शेवटच्या रात्री सगळा मजकूर विभागाच्या टेम्प्लेटमध्ये चिकटवला. त्या फाइलला `File > Info` मध्ये `Total Editing Time` १९ मिनिटं दिसतंय. तीन हजार शब्द, १९ मिनिटं. पोटात गोळा आला.

खडूस मास्तर
हे नेहमीचं आहे. नवीन फाइल, नवीन घड्याळ. जुनी फाइल शोध. वनड्राइव्हवर असेल तर `Version history` उघड, तारखा दिसतील तसे स्क्रीनशॉट घे. झोटेरोत प्रत्येक संदर्भाला `Date Added` असतं, तेही. आणि १९ मिनिटांचं त्यांनी काढायच्या आधी तूच सांग.

वकिली बाणा
उगाच कशाला? विचारलं तर सांग. ग्रामर्लीचं तर अवाक्षर काढू नकोस.

कांदेबाजार
जुनी फाइल वनड्राइव्हवर सापडली, पाच आठवड्यांतल्या ३१ आवृत्त्या आहेत. सुरुवातीचा मसुदा तर निम्मा मराठीत आहे, 'इथे व्यापाऱ्यांच्या साठवणुकीचं घाल' वगैरे. तो बघून जरा जिवात जीव आला.

पण निष्कर्षातले दोन परिच्छेद शेवटच्या आवृत्तीत एकदम बदललेले दिसतात. तिथे मी ग्रामर्लीत वाक्य नुसतं तपासलं नव्हतं, 'पुन्हा लिही'वर क्लिक केलं होतं. मुद्दे माझेच, पण आता वाचताना कुठलं वाक्य माझं आणि कुठलं त्याचं ते मलाच कळत नाहीये. आमच्या हँडबुकात 'प्रूफरीडिंग चालेल' एवढंच आहे.

वकिली बाणा
हे तिथे बोललास तर संपलास.

खडूस मास्तर
हेच बोल. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून दाखव. शिक्षा होणार नाही अशी हमी मी देत नाही, काही पॅनेलं यालाही गैरप्रकार धरतात. पण ती आवृत्ती तू दाखवणार असलेल्या फाइलमध्येच आहे, ते बघणारच.

शंकेखोर
म्हणजे बाकी पेपर त्याचा आहे हे दाखवणारा पुरावाच या दोन परिच्छेदांत त्याला अडकवणार.

कांदेबाजार
गुरुवारी सकाळी साडेदहाला आहे. अजून ठरत नाहीये.