८० च्या दशकातला तो प्रचंड ड्रम साऊंड: माईक घेऊ की रूम बदलू?

ताशी_लय: मंडळी सल्ला हवाय. फिल कॉलिन्सच्या 'इन द एअर टुनाईट' मध्ये सुरुवातीला नुसतं ड्रम मशीन वाजत राहतं आणि साडेतीन मिनिटांनंतर खरे ड्रम्स येतात ना, तसा आवाज पाहिजे. आमच्याकडे १० बाय १२ ची प्रॅक्टिस रूम आहे, चारही भिंतींना फोम, स्नेअर आणि किकला जवळून माईक. आवाज स्वच्छ येतो पण अगदी कोरडा. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम गुंज, टाकला की सगळं चिखल होतं. बजेट एकाच गोष्टीचं आहे, काय घेऊ?

पन्नाशीतला_रॉकर: काही माईक-बिईक घेऊ नकोस. तो सगळा डिजिटल रिव्हर्बच्या डब्याचा खेळ होता, एएमएस आरएमएक्स१६ मधला नॉनलिन प्रोग्राम. त्याची नक्कल करणारं प्लगिन घे, स्नेअरवर टाक, झालं.

गोल्डहॉक_रोड: दादा, ८० च्या मध्यानंतरच्या बऱ्याच रेकॉर्ड्सबद्दल बरोबर आहे तुमचं, पण तो डबा नंतर आला, आणि त्यातला नॉनलिन प्रोग्राम याच आवाजासारखा होता. मूळ गोष्ट १९७९ ची, लंडनच्या टाऊनहाऊस स्टुडिओतली. पीटर गॅब्रिएलचा तिसरा अल्बम चालू होता, निर्माता स्टीव्ह लिलीव्हाईट, इंजिनिअर ह्यू पॅडगम आणि ड्रम्सवर कॉलिन्सच. खोली दगडी भिंतींची. छताला एक लिसन माईक टांगलेला, तो रेकॉर्डिंगसाठी नव्हताच, वादक आतून काय बोलतायत ते कंट्रोल रूमला ऐकू यावं म्हणून होता. लांबचं बोलणंही ऐकू यावं म्हणून एसएसएल मिक्सिंग कन्सोलमध्ये त्या माईकवर जबरदस्त कॉम्प्रेसर बसवलेला, म्हणजे मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणारा. कॉलिन्स वाजवत असताना ते बटण चालू झालं आणि स्पीकरमधून हा राक्षसी आवाज आला. पण त्या माईकचं आऊटपुट टेपकडे जातच नव्हतं, मग वायरिंग बदलून घेतलं. कन्सोलच्या प्रत्येक चॅनलला नॉईज गेट, म्हणजे आवाज ठरावीक पातळीखाली गेला की बंद होणारं दार, होताच, तो लावल्यावर खोलीची गुंज फुगते आणि विरायच्या आत कापली जाते. त्या अल्बममधलं 'इंट्रूडर' ऐक, पहिल्या ठोक्यापासून तेच आहे.

ढोल_पथक_कोथरूड: आमच्या पथकाचं रेकॉर्डिंग फ्लायओव्हरखाली केलं होतं, आवाज भरपूर मोठा पण ताशाचा शब्दच कळेना. गेट लावून सुटेल का?

गोल्डहॉक_रोड: अवघड आहे. गेटला दोन ठोक्यांमध्ये जागा लागते आणि ताशा ती देतच नाही, गेट सतत उघडाच राहणार. तुम्ही माईक ताशाच्या जवळ आणा.

बाकी ताशी_लय, तुझ्यासाठी: प्लगिन नको, एक साधा कंडेन्सर माईक घे आणि निदान दोन भिंतींचा फोम काढ. फोम उंच पट्टीतला आवाज खातो, खालचा घुमा तसाच राहतो, म्हणून तुझी गुंज मेलेली वाटते. माईक किटपासून जितका लांब जाईल तितका लाव, त्याच्यावर कॉम्प्रेसर इतका दाबून लाव की ठोका खाली बसेल आणि मागची गुंज वर येईल. मग गेट, पण तो या माईकच्या आवाजावर उघडायचा नाही, स्नेअरच्या जवळच्या माईकचा सिग्नल त्याला द्यायचा, म्हणजे स्नेअरचा ठोका पडला तरच दार उघडेल. समजा गाणं १०० बीपीएमचं, म्हणजे एक बीट ६०० मिलिसेकंद, अर्धी ३००. गेटचा होल्ड, म्हणजे दार उघडं राहायचा वेळ, २५० च्या आसपास ठेव आणि रिलीज एकदम छोटा, म्हणजे पुढच्या अर्ध्या बीटच्या आत दार बंद. कापल्याचं ऐकू आलंच पाहिजे, तिथेच ती मजा आहे.

ताशी_लय: काल रात्री करून पाहिलं, स्नेअर खरंच मोठा झाला! पण प्रत्येक ठोक्यामागे हायहॅटचा 'सुस्स' उसळतो, आणि क्रॅश मारला की अर्ध्यातच तुटतो, फार विचित्र वाटतं.

गोल्डहॉक_रोड: तो कॉम्प्रेसर झांजा उचलतोय, गेट उघडा असतो तेवढ्यात. गॅब्रिएलने त्या अल्बमला झांजा वाजवायलाच मनाई केली होती, त्यामुळे तिथे ही अडचण आलीच नाही. टेकमध्ये फक्त किक, स्नेअर, टॉम वाजव, हायहॅट-क्रॅश नंतर वेगळ्या ट्रॅकवर घे.

पन्नाशीतला_रॉकर: पण लेड झेपलिनने १९७१ मध्येच हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याच्या हॉलमध्ये ड्रम्स ठेवून, वर जिन्यावर माईक टांगून हे केलं होतं की, आणि झांजांसकट!

गोल्डहॉक_रोड: मोठी खोली आणि लांबचे माईक, इथपर्यंत मान्य. पण तिथे गुंज कुणी कापली नाही, ती आपली आपण विरते. मला तो जास्त मोठा आवाज वाटत नाही, जास्त खोल वाटतो.

पन्नाशीतला_रॉकर: मला तर तोच मोठा वाटतो बुवा.

ताशी_लय: झांजा वेगळ्या घेतल्या तर आमचा ड्रमर म्हणतो हातच चालत नाही, हायहॅटशिवाय लय सुटते. यावर काही उपाय?

गोल्डहॉक_रोड: हायहॅटच्या जागी जाड रबराचा पॅड ठेव, हाताला सवयीची जागा मिळते. तरी दोघा-तिघांना जमलं नाहीच असं पाहिलंय.